संपाचा हिशेब

१९२५ च्या पावसाळ्यात मुंबईच्या गिरणीमालकांनी जाहीर केले की १ सप्टेंबरपासून कामगारांचा पगार शेकडा साडेअकराने कमी होईल. समजा, एखाद्या कामगाराला महिन्याला ४० रुपये मिळत होते. त्यातले सुमारे ४ रुपये १० आणे गेले. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी आणि गावी धाडायची मनीऑर्डर भागवून हातात काही उरलेच, तर ते एवढेच असायचे. म्हणजे कपात नेमकी त्या उरलेल्या पैशांवर आली.

गिरणगावाने याला उत्तर दिले ते संपाने. दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली आणि संप सुमारे अडीच महिने चालला. आता याच ४० रुपयांच्या कामगाराचा हिशेब पुढे करून बघू. अडीच महिन्यांत त्याने १०० रुपयांचा पगार बुडवला, तो महिन्याचे ४ रुपये १० आणे वाचवण्यासाठी. म्हणजे संप पूर्ण यशस्वी झाला, तरी बुडालेली रक्कम भरून यायला पावणेदोन वर्षांहून थोडा जास्तच काळ लागणार. त्यात संपाच्या दिवसांत त्याने ५० रुपये कर्ज काढले असेल, तर रुपयाला महिना एक आणा या त्या काळच्या सर्रास दराने त्याचे व्याजच महिन्याला ३ रुपये २ आणे होते. लढून वाचवलेल्या पैशांतला मोठा भाग सावकाराच्या घशात जायचा.

वही-पेन्सिल घेऊन बसले तर हा सौदा आतबट्ट्याचा आहे, आणि गिरणगावातल्या माणसांना ते कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. व्याज कसे चढते हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही १९१९ पासून पुढच्या दहा वर्षांत त्यांनी सहा मोठे सार्वत्रिक संप केले. काही जिंकले, काही हरले. कोणता संप का जिंकला आणि कोणता का हरला, हे पाहिले की कामाचे तास आणि पगार या गोष्टी प्रत्यक्षात कशा मिळवल्या गेल्या ते समजते. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

मुंबईतली पहिली कापडगिरणी ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीची; ती सुरू झाली १८५६ मध्ये. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. कामाला माणसे आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा, पुणे, नगरकडच्या घाटावरून. कामाचा दिवस घड्याळावर नव्हता, उजेडावर होता: सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात दिवस तेरा तासांवर जायचा आणि थंडीत थोडा आखडायचा. वर्षभराची सरासरी बारा तासांच्या आसपास पडे. साप्ताहिक सुट्टी असा काही प्रकार नव्हता.

१८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळ आणि भायखळा इथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक, आणि स्वतः काही काळ गिरणीत स्टोअरकीपर म्हणून राहिलेले. म्हणजे मजुरीवर नसले तरी गिरणी आतून पाहिलेले. त्या सभांतून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या आजच्या नजरेला फार साध्या वाटतील: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला संपवणे, काम करताना जखमी झाल्यास मदत, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

या शेवटच्या मागणीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. मला ती सर्वांत बोलकी वाटते. पुढचा महिना अर्धा होईपर्यंत मागचा पगार मिळत नसेल, तर कामगाराचा दीड-एक महिन्यापर्यंतचा मेहनताना कायम मालकाकडे अडकलेला राहतो. तो गिरणी सोडून जाऊ शकत नाही, आणि तोवरचे घर उधारीवर चालते. वाण्याच्या वहीतली उधारी आणि मालकाकडची बाकी, अशा दोन दोऱ्यांनी तो बांधलेला असे. संपावर जायचे तर आधी या दोऱ्या मोजाव्या लागत. पुढे १९२४ चा संप जानेवारीच्या मध्याला आणि १९२५ चा सप्टेंबरच्या मध्याला सुरू झाला, त्या तारखा वाचताना ही पगाराची तारीख आठवावी. मागचा पगार हातात पडल्यावर बाहेर पडायचे, ही संपाची पहिली अक्कल होती.

लोखंड्यांनी सहा वर्षे अर्ज, सभा आणि निवेदने यांचा पिच्छा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन बायाही बोलल्या. १० जून १८९० ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली, बायकांना अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासांची मर्यादा आली. या कायद्यामागे लँकेशायरच्या कापडवाल्यांचा दबावही होता. मुंबईची मजुरी स्वस्त राहू नये हा त्यांचा स्वार्थ. लोखंड्यांची दूरदृष्टी अशी की हा स्वार्थ कोणाचा, याने ते अडून राहिले नाहीत. मोठा पुरुष कामगार मात्र या कायद्यातून सुटला. त्याच्या तासांना कोणतीच मर्यादा नव्हती. गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा त्याचा अर्थ स्पष्ट झाला, कारण आता सूर्यास्ताचीही अडचण उरली नाही. १९०५ च्या तेजीत दिवस चौदा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली.

बाराचे दहा तास झाले ते मात्र अर्जाने नाही.

पहिल्या महायुद्धात मँचेस्टरचा माल येणे घटले आणि मुंबईच्या गिरण्यांना भरमसाठ नफा होऊ लागला. त्याच वर्षांत जिन्नसांचे भाव जवळजवळ दुप्पट झाले, आणि १९१८ च्या एन्फ्लुएंझाने चाळींतून माणसे नेली. पगार मात्र भावांच्या मागे रखडत होता. जानेवारी १९१९ मध्ये पहिला सार्वत्रिक संप झाला. कामगार लाखाहून अधिक, आणि त्यातून महागाईपोटी पगारवाढ मिळाली. बरोबर एका वर्षाने, २ जानेवारी १९२० ला, पुन्हा संप. या वेळी पगाराबरोबर मागणी होती ती तासांची. महिनाभरात मालकांनी दहा तासांचा दिवस मान्य केला आणि भत्ताही वाढवला. हिंदुस्थान सरकारचा साठ तासांच्या आठवड्याचा कायदा आला तो १९२२ मध्ये, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांत दहा तास चालू झाल्यानंतर दोन वर्षांनी.

१९२० चा संप इतक्या लवकर का जिंकला? कामगारांची एकजूट होतीच, पण तेव्हा संपूर्ण गिरणगावाची अशी एकही पक्की युनियन नव्हती. ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस मुंबईत भरली ती त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे संप मिटून नऊ महिने झाल्यावर. खरे कारण बाजारात होते. सूत आणि कापड मिळेल त्या भावाला जात असताना गिरणी एक दिवस बंद राहिली तर मालकाचे रोजचे नुकसान डोळ्यांत भरण्याजोगे होते. अशा वेळी दोन तास सोडून देणे त्याला स्वस्त पडले.

याची उलटी बाजू चार वर्षांतच दिसली. तेजीत मालक दरवर्षी एका महिन्याच्या पगाराइतका बोनस देत होते. १९२३ साली त्यांनी तो बंद करण्याचे ठरवले. कामगारांच्या दृष्टीने तो पगाराचाच भाग झाला होता. लग्ने, कर्जफेड, गावचे घर शाकारणे, सगळे त्यावर ठरलेले असे. जानेवारी १९२४ मध्ये संप झाला आणि तो मार्चअखेरपर्यंत चालला. १९२० पेक्षा दुप्पट दिवस माणसे उपाशी राहिली आणि हाती काही आले नाही. हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या चौकशी समितीने बोनसवर कामगारांचा हक्क नाही असे म्हटले. त्यांची चिकाटी कमी पडली नव्हती, उलट वाढलीच होती. पण तेजी ओसरली होती. गोदामात माल तुंबलेला असताना गिरणी बंद पडली, तर मालक म्हणतो, बरे झाले. मजुरी वाचते आणि साठा खपतो.

म्हणून १९२५ चा संप मला सर्वांत शिकण्याजोगा वाटतो. बाजार १९२४ सारखाच मंदीचा होता. वरवर पाहता तोही हरायलाच हवा होता.

पहिला प्रश्न पोटाचा. संपाचा फंड म्हणजे युनियनच्या तिजोरीतला पैसा, अशी आपली समजूत असते. गिरणगावात तशी तिजोरी जवळजवळ नव्हतीच. कामगार पुढारी ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी मदत जमवत होते, परदेशांतल्या कामगार संघटनांकडून काही पैसे आले. पण दीड लाख कुटुंबांना ते कसे पुरावेत? पहिले काही आठवडे वाणी उधार देतो. त्यालाही घाऊक व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे असतात, म्हणून महिन्याभराने तो हात आखडता घेतो. खाणावळवाली बाई त्याहून थोडी जास्त थांबते, कारण तिच्याकडे जेवणारी माणसे बहुधा तिच्याच गावाकडची असतात. या सगळ्यांच्या पलीकडे एक मोठा फंड होता, आणि तो कोणाच्या वहीत नव्हता. तो कोकणात होता, शेतात उभा होता.

संप सप्टेंबरच्या मध्याला सुरू झाला. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, कोकणच्या बोटी सुरू झाल्या होत्या, आणि पुढच्याच महिन्यात भाताच्या कापणीला हात लागणार होते. हजारो कामगार मुंबई सोडून गावी गेले. गावी पगार नव्हता, पण घरचे नाचणी-भात होते, आणि मुख्य म्हणजे मुंबईतले एक खाणारे तोंड कमी झाले होते. भाऊबंदांपैकी एकाने गिरणीत आणि दुसऱ्याने शेतावर राहायचे, ही कोकणी घराची जुनी विभागणी. एरवी गिरणीचा पगार त्या शेताला सावरत असे. संपात शेत गिरणीवाल्याला सावरू लागले. गाव न सोडलेला कामगार म्हणजे कच्चा, अर्धवट शेतकरी, तो युनियनच्या कामाचा नाही, असे पुष्कळ अभ्यासक म्हणत. १९२५ ने दाखवले की गावचा तुकडा हातात असलेला माणूस संपात जास्त दिवस टिकतो. शिवाय गावी गेलेल्या माणसाला कामावर परत ओढणे कठीण; चाळीत असता तर कामावर माणसे घेणारा जॉबर दारात येऊन उभा राहिला असता.

दुसरा प्रश्न मालक का नमावेत हा. साठा होता तोवर त्यांना घाई नव्हती. पण त्यांना आणखी एक गोष्ट हवी होती. हिंदुस्थानात तयार होणाऱ्या गिरणीच्या कापडावर सरकार १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर घेत होते, आणि तो लँकेशायरच्या सोयीसाठी लावलेला कर म्हणून बदनाम होता. मालकांचे म्हणणे असे की हा कर उठवा, आम्ही कपात मागे घेतो. म्हणजे कपातीचा पेच सरकारला घातला होता आणि फास बसला होता कामगारांच्या गळ्याला. संप जसजसा लांबला तसतसा हा फास सरकारला जाणवू लागला: दीड लाख माणसे रिकामी, मुंबई इलाख्याचे सरकार धास्तावलेले, आणि देशभरातली वर्तमानपत्रे त्या करावर तुटून पडलेली. १ डिसेंबर १९२५ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वटहुकूम काढून कर तहकूब केला. मालकांनी शब्द पाळला, कपात रद्द झाली, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भोंगे पुन्हा वाजले.

या विजयातले श्रेय कसे वाटायचे यावर तेव्हाही वाद होता. मालकांनी कामगारांना पुढे करून आपला कर उठवून घेतला, असे म्हणणारे होते, आणि त्यात तथ्य आहे. पण तेवढेच सांगितले तर अडीच महिन्यांची किंमत कोणी मोजली ते राहून जाते. मालकांच्या शिष्टमंडळाने आधी व्हाइसरॉयकडे जाऊन मागितले तेव्हा काही मिळाले नव्हते. गिरणगाव रिकामे झाल्यावर मिळाले.

आणि आता ते ४ रुपये १० आणे. एकट्या माणसाच्या वहीत संप तोट्याचा दिसतो, कारण त्या वहीत पुढची कपात लिहिलेली नसते. १९२४ मध्ये बोनस गेला, १९२५ मध्ये साडेअकरा टक्के जाणार होते, आणि तेही निमूट गेले असते तर १९२६ मध्ये आणखी काही मागितले गेले असते. ही भीती काल्पनिक नव्हती, लवकरच ती खरी ठरली. अडवून धरलेली कपात दरमहा वाचते, आणि न केलेला संप दरवर्षी महाग होत जातो. हा हिशेब चाळीतल्या माणसाने शब्दांत मांडला नसेल, पण तो त्याने केला होता.

संप मिटल्यावर, जानेवारी १९२६ मध्ये, ना. म. जोशींच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. म्हणजे मुंबईत क्रम असा लागला: संप आधी, युनियन नंतर. त्याच वर्षी ट्रेड युनियनचा कायदाही झाला. त्याआधी संप घडवून आणणे म्हणजे कामगाराला करार मोडायला चिथावणे, असे म्हणून पुढाऱ्यांना दिवाणी कोर्टात खेचता येत असे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांच्या प्रकरणात बी. पी. वाडियांवर तसा मनाईहुकूम आला होता. नोंदलेल्या युनियनला या कायद्याने त्यातून संरक्षण दिले. जोशींनी १९२१ पासून कायदेमंडळात त्याचा पाठपुरावा केला होता.

युनियनला खरे तोंड द्यायचे होते ते जॉबरला. मालक आणि कामगार यांच्यामध्ये हा माणूस उभा असे. बायकांच्या खात्यांवर त्याच्या जागी नाईकीण. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, यंत्र नीट चालू ठेवणे, सगळे त्याच्या हाती. नोकरी लागताना त्याला दस्तुरी द्यायची, आणि त्याच्या मर्जीतून उतरलात तर बदलीवाल्यांच्या रांगेत. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणी आले नसेल तर त्या दिवसाचे काम. जॉबरच्या मनात असेल तर एका हाकेसरशी अख्खे खाते बाहेर पडे, आणि त्याने ठरवले तर तेच खाते नव्या माणसांनी भरून संप फुटे. जुन्या संपांचे यश बरेचसे जॉबरांच्या कलावर होते. कामगारांना स्वतःचा आवाज हवा असेल, तर हा मधला माणूस ओलांडणे भाग होते.

ती वेळ १९२८ मध्ये आली. काही गिरण्यांनी आणि विशेषतः ससून गटाने नवी पद्धत आणली: साचेवाल्याने एकाऐवजी दोन साचे सांभाळायचे, विणकराने दोनाऐवजी तीन माग. मालकांचे कारण जपानी स्पर्धेचे होते. गणित सोपे आहे. शंभर मागांना दोन-दोनच्या हिशेबाने पन्नास विणकर लागतात, तीन-तीनच्या हिशेबाने चौतीस. सोळा माणसे घरी. तीन मागवाल्याला थोडे जास्त मिळेल, पण मुंबईत बऱ्याचदा हलक्या कापसाचे सूत मागावर चढायचे, ते वारंवार तुटे. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. तोवर दुसऱ्या मागावर तुटलेले असते. कापडात दोष राहिला तर त्याची भरपाई विणकराच्या पगारातून. सूत चांगले न देता माग वाढवायचे म्हणजे दंड वाढवायचा, असे विणकर म्हणत. हे म्हणणे ज्याने मागाचे काम जवळून पाहिले आहे त्याला पटेल.

एप्रिल १९२८ च्या अखेरीस जवळजवळ सगळ्या गिरण्या बंद झाल्या आणि संप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालला. पाच महिन्यांहून जास्त. ना. म. जोशींसारखे नेमस्त आणि श्री. अ. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्यासारखे कम्युनिस्ट एकाच संयुक्त संप समितीत बसले. त्यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले होते. हे दोघे गिरणी कामगारांतूनच वर आलेले. संपाच्या सुरुवातीलाच गिरणी कामगार युनियन नोंदली गेली. तिचे सभासद सुरुवातीला काहीशे होते. वर्षाच्या अखेरीस पन्नास हजारांवर गेले.

ही वाढ केवळ भाषणांनी झाली नाही. युनियनने गिरणीगणिक समित्या उभ्या केल्या. खात्याखात्यातले कामगार आपला माणूस निवडून देत. वर्गणी तोच गोळा करी, तक्रार तोच नेई, आणि मास्तरांशी बोलायचे तर जॉबरऐवजी तोच जाई. कुणाचा दंड अन्यायाने कापला, कुणाला विनाकारण काढले, असल्या बारीकसारीक गोष्टींतून युनियन कामगाराच्या रोजच्या दिवसात शिरली.

शेवटी तडजोड झाली. वाद न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीकडे सोपवायचा आणि तोवर जुन्या दराने काम सुरू करायचे. पण पुढच्याच मार्चमध्ये, १९२९ साली, युनियनचे मुख्य पुढारी मीरत खटल्यात पकडले गेले. एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला आणि तो फसला. आदल्या वर्षीच्या संपाचे कर्ज फिटले नव्हते. वाण्याची वही भरलेली होती. आणि एप्रिलमध्ये गावी जाऊन करायचे काय? शेते उघडी पडलेली, आदल्या कापणीचे धान्य संपत आलेले, पेरणीला दोन महिने. त्याच हंगामात आदल्या वर्षी माणसे पाच महिने टिकली, कारण त्याआधीची दोन वर्षे घरात पगार येत होता. या वेळी मागे काहीच उरले नव्हते.

या सगळ्या हिशेबात काही माणसे कुठे बसत होती, ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. गिरण्यांतले सर्वांत बऱ्या पगाराचे काम विणखात्यात होते, आणि विणखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते धोट्याचे. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तोच धोटा दुसऱ्याच्याही तोंडाला लागे. म्हणून सवर्ण विणकर त्यांना मागाशी येऊ देत नव्हते. ही अट मालकाने घातलेली नव्हती. ती कामगारांनी कामगारांवर घातलेली होती.

१९२८ चा संप पेटला त्यात विणकरांचा वाटा मोठा होता. ज्या महार कामगारांना विणखात्याचे दार बंद होते, तेही साचेखात्यातून बाहेर पडले आणि तेही पाच महिने पगाराविना राहिले. त्यांच्यातल्या पुष्कळांकडे गावी जमिनीचा तुकडाही नव्हता. आणि गावी परतायचे म्हणजे तिथल्या बलुत्याच्या कामात परतायचे. कोकणातल्या भाताने ज्यांना तारले, त्यांच्या तुलनेत यांचा संप पहिल्या महिन्यापासूनच उपाशी होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८–२९ मध्ये हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला. अस्पृश्यांना विणखाते खुले करण्याची मागणी कामगारांच्या मागण्यांत असली पाहिजे, ती नसेल तर त्यांनी संपात का यावे, असे त्यांनी पुढाऱ्यांना विचारले. युनियनने तत्त्व मान्य केले. मागावर मात्र तो धोटा तसाच तोंडातोंडी फिरत राहिला. १९३४ च्या कायद्याने आठवडा चौपन्न तासांचा झाला, १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांचा. विणखात्याच्या दाराबद्दल या कायद्यांत एक ओळही नव्हती.